मिर्टाझापिन ७.५ वर दिवसभर पेंग येते, डॉक्टर १५ करा म्हणतात. आणखी झोप येईल का?

अर्धीगोळी: नैराश्यासाठी नऊ दिवसांपासून १५ची अर्धी गोळी, म्हणजे ७.५ मिग्रॅ, रात्री अकराला घेतेय. सकाळी गजर बंद करून पुन्हा झोपते, काल ऑफिसच्या मीटिंगमध्ये डुलकी लागली. रात्री दीडला उठून फ्रिजसमोर उभ्याने अर्धा ब्रेड संपवला, भूक नव्हती तरी! आता डॉक्टर १५ आणि पुढे ३० करू म्हणतात. अर्धीनेच हे हाल, तर दुप्पट घेऊन काय होईल?

उंटावरून: उलट होतं. ३० वर गेलं की जागं ठेवणारं हिस्टामिन अडवण्याचा परिणाम बंद पडतो आणि झोप उडते. बिनधास्त वाढवा.

कंपाउंडर: बंद पडत नाही हो, तो तसाच राहतो. हे औषध हिस्टामिनच्या एच-१ रिसेप्टरला इतकं घट्ट धरतं की थोड्या डोसातच त्यातले बहुतेक अडवले जातात. म्हणून ७.५ वरच पेंग भरपूर येते, आणि डोस चौपट केला तरी ती चौपट होत नाही. दुसरीकडे, नॉरअॅड्रेनॅलिनवरचा ब्रेक सैल करायचं काम डोसबरोबर वाढतं. तेही जागं ठेवणारं रसायन, त्यामुळे पेंगेला थोडा शह बसतो, असं स्पष्टीकरण देतात. पण मला ते जरा जास्तच सुटसुटीत वाटतं. सगळ्यांना तसा अनुभव येत नाही, काहींना ३० वरही तितकीच झोप येते. शिवाय पेंग साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआपच उतरू लागते. नेमका तेव्हाच डोस वाढलेला असतो आणि श्रेय त्याला मिळतं.

सावकाश: माझं सहा महिन्यांत आठ किलो वाढलं. झोपेची गोळी बदलून घ्या.

अर्धीगोळी: दादा, झोपेसाठी घेत नाहीये मी. पण वजनाची भीती आहेच. डोस वाढल्यावर भूक कमी होते का?

कंपाउंडर: त्यावर भरवसा ठेवू नका. भुकेत हिस्टामिनबरोबर सेरोटोनिनचा २-सी रिसेप्टरही असतो. तोही अडवला जातो, आणि डोस वाढवल्याने सुटत नाही. आजच वजन करून लिहून ठेवा, म्हणजे महिन्याने डॉक्टरांना आकडा दाखवता येईल. अजून एक: निम्मं औषध शरीरातून जायला २० ते ४० तास लागतात, म्हणून सकाळी डोकं जड राहतं. अकराऐवजी नऊला घेतलं तर चालेल का, हे त्यांना विचारा. तोवर गाडी चालवू नका, दारू तर नकोच. आणि ताप आला किंवा घसा दुखायला लागला तर त्याच दिवशी दाखवा. क्वचितच, पण पांढऱ्या पेशी घसरतात.

उंटावरून: मला ३० वर खरंच तरतरी आली होती पण.

कंपाउंडर: आली असेल. कितव्या आठवड्यात?

उंटावरून: तिसऱ्या.

अर्धीगोळी: डॉक्टरांना फोन केला, नऊला चालेल म्हणाले. १५ चा आज चौथा दिवस. सकाळी साडेसातला उठले, पण ते गोळीमुळे की वेळेमुळे, काही कळत नाही. ब्रेड मात्र काल रात्रीही संपला.