5 गिगाहर्ट्झचं वायफाय फोनला दिसतं, लॅपटॉपच्या यादीत येतच नाही. काय करावं?

जुईली_वाचते
जुना राउटर बंद पडल्यावर इंटरनेट देणाऱ्यांनी नवा बसवून दिला. त्यात दोन नावं ठेवली आहेत: `jui` हे 2.4 चं आणि `jui_5G` हे 5 चं. माझ्या फोनला दोन्ही दिसतात, 5 वर फोन उत्तम चालतो. लॅपटॉपला मात्र फक्त `jui` दिसतं. लॅपटॉप आणि फोन एकाच टेबलावर, राउटर समोरच्या भिंतीवर, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही. जुन्या राउटरवर हाच लॅपटॉप 5 वर चालत होता, हे मुद्दाम सांगते. व्हिडिओ मीटिंगमध्ये 2.4 वर आवाज तुटतो, म्हणून जीव मेटाकुटीला आलाय. नवीन काही विकत घ्यायचं नाहीये, आहे त्यातच सुटलं तर हवंय.

निळाकंदील
ते फुकट मिळणारे राउटर वापरूच नका. मी तीन डब्यांचं मेश बसवलं, घरात कुठेही जा, रेंज पूर्ण. एकदाच खर्च करा आणि विसरून जा.

तारतम्य
लॅपटॉपचं कार्ड 2.4 चंच असणार. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत असतं. कार्डाच्या वर्णनात फक्त b, g, n लिहिलेलं असेल तर समजून जा. `a` किंवा `ac` असेल तरच 5 दिसेल.

जुईली_वाचते
@तारतम्य, आधीच्या राउटरवर 5 चालत होतं हो. वर लिहिलंय.

रोखठोक
नेटवर्क Forget करा आणि परत जोडा. लॅपटॉपची तारीख-वेळ पण बघून घ्या. माझं ऑफिसचं वायफाय केवळ तारीख चुकल्यामुळे जोडलं जात नव्हतं.

शब्दवेडी
माझं पण असंच झालंय! फोनला वायफाय दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी "प्रमाणीकरण त्रुटी" म्हणतो. Forget करून झालं, फोन रीसेट करून झाला. रीसेटच्या आधी सगळं नीट चालत होतं. घरातले बाकी सगळे जोडलेले आहेत.

खटपट्या
दोन वेगळे प्रश्न एकत्र व्हायला लागलेत, म्हणून सुटे करतो.

जुईली, तुमचं नेटवर्क यादीतच नाही. म्हणजे गाडी पासवर्डपर्यंत पोचलेलीच नाही, त्यामुळे Forget करून काही होणार नाही. तारीख-वेळही इथे लागू नाही. ऑफिसात जिथे प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड असतो, तिथे लॅपटॉप सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्याला तारीख लागते. घरच्या साध्या पासवर्डाला लागत नाही. रोखठोक यांचा अनुभव खरा आहे, पण तो त्या प्रकारच्या जोडणीचा.

आता असं करा. राउटरच्या पानावर जाऊन 5 चं Channel काय आहे ते बघा. Auto असेल तर सध्या कुठला चालू आहे तेही तिथेच कुठेतरी दिसतं. 52 ते 144 मधला असेल तर तो हाताने 36 करा. मधल्या त्या पट्ट्यात रडारही असतात, म्हणून राउटर तिथे सुरू होण्याआधी निदान मिनिटभर नुसता ऐकत बसतो. काही कार्डं तिथे नीट शोध घेत नाहीत. 149 च्या पुढचे चॅनल काही देशांच्या सेटिंगमध्ये बंद असतात. 36 ते 48 जवळपास सगळ्यांना चालतात, म्हणून तपासणीला तेच बरे.

जलतरंग
चॅनलच्या मुद्द्याला +१. माझं 5 दिवसातून मध्येच गायब व्हायचं आणि अर्ध्या तासाने आपोआप यायचं. राउटर 100 वर होता. 44 केल्यापासून एकदाही गेलेलं नाही.

खटपट्या
@जलतरंग, ते रडारचंच लक्षण. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो आणि 30 मिनिटं तिथे परतता येत नाही. पण तेव्हा नेटवर्क सगळ्यांनाच दिसेनासं होतं. जुईलींच्या फोनला सतत दिसतंय, म्हणजे राउटर बोलतोय हे नक्की.

@शब्दवेडी, फोन रीसेट केल्यावर बिघडलं हा मोठा धागा आहे. अँड्रॉइड 10 पासून फोन प्रत्येक वायफायला खरा MAC पत्ता न देता बनवलेला पत्ता देतो, आणि रीसेटनंतर तो बदलतो. तुमच्या राउटरवर "फक्त याच उपकरणांना प्रवेश" अशी यादी कुणी करून ठेवली असेल तर नवा पत्ता तिच्यात नाही. मग पासवर्ड बरोबर असूनही राउटर दार उघडत नाही आणि फोन पासवर्डाचीच तक्रार करतो. राउटरवर MAC filter नावाचं पान शोधा. शिवाय पासवर्ड टाकताना डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून शेवटी मोकळी जागा आलीय का बघा. कीबोर्डने सुचवलेला शब्द घेतला की ती हमखास येते.

निळाकंदील
दोन नावं ठेवणंच चूक आहे. एकच नाव ठेवा, उपकरण आपोआप चांगला पट्टा निवडतं. माझ्या मेशमध्ये तसंच आहे.

जलतरंग
@निळाकंदील, असहमत. एकच नाव असलं की आपण कुठल्या पट्ट्यावर आहोत ते कळत नाही. जुईलींनी एकच नाव ठेवलं असतं तर 5 दिसत नाहीये हे त्यांना समजलंसुद्धा नसतं. निदान प्रश्न सुटेपर्यंत दोन नावंच ठेवा.

जुईली_वाचते
चॅनल Auto होता, सध्याचा 100 दाखवत होता. 36 केला. फोन लगेच जोडला गेला. लॅपटॉपला अजूनही दिसत नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी नाही.

रोखठोक
म्हणजे कार्ड गेलं. यूएसबीला लावायचं वायफाय अडॅप्टर घ्या, पाच मिनिटांत काम होतं. मी घेतलंय, मस्त चालतं.

खटपट्या
थांबा, कार्ड गेलं की नाही ते विकत न घेता कळेल. लॅपटॉपवर Command Prompt उघडून या दोन आज्ञा द्या. अ‍ॅडमिनचे हक्क लागत नाहीत.

```
netsh wlan show networks mode=bssid
netsh wlan show drivers
```

पहिलीत शेजाऱ्यांची नेटवर्कं चॅनलसकट दिसतील. त्यात 36 किंवा त्याच्या वरचा कुठला चॅनल आहे का? दुसरीतून Date आणि Radio types ह्या ओळी इथे द्या. आणि राउटरच्या पानावर 5 च्या Mode समोर काय लिहिलंय तेही सांगा.

जुईली_वाचते
शेजारचं एक नेटवर्क चॅनल 44 वर दिसतंय. दुसऱ्या आज्ञेतून:

```
Date                   : 14-03-2017
Radio types supported  : 802.11b 802.11g 802.11n 802.11a 802.11ac
```

राउटरवर 5 चा Mode `802.11a/n/ac/ax` आहे.

खटपट्या
छान, आता चित्र स्पष्ट झालं. शेजारचा 44 दिसतो, म्हणजे कार्डाला 5 ऐकू येतं. कार्ड ठणठणीत आहे. तुमचंही आता त्याच पट्ट्यात 36 वर आहे, तरी तेवढंच दिसत नाही. म्हणजे चॅनल हा माझा पहिला अंदाज बाद. उरतो तो `ax`, म्हणजे वायफाय 6.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली ओळख हवेत जाहीर करत असतो. `ax` चालू असेल तर त्या ओळखीत काही नव्या नोंदी असतात. न कळणाऱ्या नोंदी सोडून बाकीचं वाचायचं, असा नियम आहे. पण त्या काळातल्या काही ड्रायव्हरांना हे जमत नाही आणि ते अख्खं नेटवर्कच यादीतून गाळतात. तुमचा ड्रायव्हर 2017 चा आहे, वायफाय 6 ची प्रमाणपत्रं द्यायला 2019 साली सुरुवात झाली. जुन्या राउटरवर `ax` नसणार, म्हणून तिथे चालत होतं.

खात्री करायला 5 चा Mode `802.11a/n/ac` करा, बाकी कशालाही हात लावू नका. मिनिटभरात यादीत `jui_5G` आलं तर दोष हाच. मग लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घाला आणि `ax` परत चालू करा.

तारतम्य
एक शंका. `ax` मुळे दिसत नसेल तर त्याच राउटरचं 2.4 कसं दिसतं?

खटपट्या
@तारतम्य, रास्त प्रश्न. खालच्या श्रेणीतल्या बऱ्याच वायफाय 6 राउटरांमध्ये `ax` फक्त 5 वर असतं, 2.4 चा भाग जुन्या b/g/n चाच ठेवतात. जुईली, 2.4 चा Mode बघून सांगाल का? तिथेही `ax` निघालं तर माझं म्हणणं कच्चं पडेल.

जुईली_वाचते
2.4 समोर `802.11b/g/n` एवढंच आहे, `ax` चा पर्यायच नाही. आणि 5 चा Mode बदलल्यावर `jui_5G` यादीत आलं!! आत्ता त्यावरूनच लिहितेय. खटपट्या, मनापासून आभार.

ड्रायव्हर मात्र घालता येणार नाही. लॅपटॉप ऑफिसचा आहे, काहीही बसवायला त्यांची परवानगी लागते. तेव्हा `ax` बंदच ठेवते.

निळाकंदील
अहो, वायफाय 6 चा राउटर आणि वायफाय 6 च बंद? मग राउटरचा उपयोग काय?

जलतरंग
ऑफिसच्या आयटीला सांगून ड्रायव्हर घालून घ्या ना. तेच योग्य.

खटपट्या
मीही ड्रायव्हरच म्हणेन. 2017 नंतर त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही आल्या असतील, निदान त्यासाठी तरी आयटीकडे मागणी टाका. दोन ओळींच्या मेलचं काम आहे.

जुईली_वाचते
मेल टाकते, पण तो कधी वाचला जाईल सांगता येत नाही, आणि तोवर मीटिंगा थांबणार नाहीत. `ax` बंद केल्यावर फोनवर वेग मोजून पाहिला, माझ्या प्लॅनचा पूर्ण वेग `ac` वरही येतोय. घरात वायफाय 6 चं उपकरण तो एक फोनच. म्हणून माझ्यापुरतं हेच ठरलं. चॅनलही 36 वरच ठेवते.

रोखठोक
यूएसबी अडॅप्टरने हे सगळं वाचलं असतं.

खटपट्या
@रोखठोक, त्यालाही ड्रायव्हर लागतोच, आणि लॅपटॉप ऑफिसचा आहे.

शब्दवेडी
राउटरवर खरंच यादी निघाली, कोणी केली देव जाणे. तिच्यात फोनचा नवा पत्ता घातल्यावर फोन जोडला गेला. पण घरातला जुना टॅब आता तीच त्रुटी दाखवतोय, आणि त्याचा पत्ता यादीत आहे. राउटरवर हिंडताना Security मध्ये `WPA3-Personal` दिसलं म्हणून तेही निवडलं होतं, त्याचा संबंध असेल का?

खटपट्या
असेल. जुन्या टॅबला बहुधा WPA3 येत नसेल. `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय दिसतोय का बघा, तो निवडा, टॅबवर Forget करून पासवर्ड परत टाका आणि काय होतं ते लिहा. मिश्रवरही नाही जमलं तर नुसतं WPA2 करून बघू.