मदत हवी आहे: प्रमोटरचं प्लेज 52 वरून 37 टक्क्यांवर आलं, तरी भाव का पडतोय?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. वडील उद्यमनगरात लेथवर आयुष्यभर काम करून निवृत्त झाले. त्यांनी एका कास्टिंग कंपनीचे 1,200 शेअर 145 च्या भावाने घेतले होते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर इथं वेगळंच भांडण सुरू व्हायचं. आज भाव 92 च्या आसपास आहे.

परवा भावजी म्हणाले, "प्लेज कमी झालंय, प्रमोटर कर्ज फेडतोय, अजून घ्या." मी बघितलं तर खरंच, मागच्या तिमाहीत प्रमोटरच्या शेअरपैकी 51.85 टक्के तारण होते, आता 36.6 टक्के आहेत. पण प्रमोटरचा हिस्साही 54 वरून 41 वर आलाय. आणि एक्स्चेंजवर `Reg. 31(1) and 31(2)` असं लिहिलेली नोटीस आहे, त्यात invocation असा शब्द आहे. म्हणजे प्रमोटरने शेअर विकले का? वडिलांना काय सांगू?

रंकाळा_ट्रेडर:
भावा, विषय संपला. इन्व्होक झालं म्हणजे कर्ज देणाऱ्याने शेअर विकून पैसे वसूल केले. आता पुरवठा संपला, इथून भाव वर जाणार. वर ओपन ऑफर पण येईल, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घ्यायची ऑफर, 13 टक्के हात बदलले ना! फक्त प्रमोटरने हे सात दिवस लपवून ठेवलं असेल, त्याची तक्रार कर.

पन्हाळ्याचा_पाऊस:
घाबरू नका. माझे पण शेअर डीमॅटमध्ये प्लेज दाखवतात. ब्रोकरच्या ॲपवर मार्जिनसाठी दिलेत, फोनवर ओटीपी येतो, तो टाकला की झालं. पाहिजे तेव्हा सोडवता येतात. वडिलांचे शेअर कुणी नेणार नाही.

शाहूपुरीकर:
दादा, वडिलांचे शेअर तारण नाहीतच. कंपनीच्या मालकाचे आहेत.

पन्हाळ्याचा_पाऊस:
अरे हां, मी घाईत वाचलं. चालू द्या.

ताराबाईपार्क_सीएस:
शाहूपुरीकर, भावजींना सांगा की प्लेजची टक्केवारी दोन कारणांनी खाली येते. एकात प्रमोटर पैसे भरतो आणि शेअर मोकळे होऊन त्याच्याच खात्यात राहतात. दुसऱ्यात कर्ज देणारा ते शेअर उचलून आपल्या नावावर घेतो. दोन्हीत तारण कमी दिसतं. फरक कळतो तो प्रमोटरच्या एकूण हिश्श्यावरून. पैसे भरले असते तर हिस्सा 54 वरच राहिला असता. तुमच्याकडे दोन्ही आकडे एकदम खाली आलेत, म्हणजे ही सुटका नव्हे, जप्ती आहे. फुकटच्या साइटवर प्लेजचा आकडा एकटाच असतो, म्हणून चांगली माणसंही फसतात.

नोटिशीतून तीन गोष्टी आणा: कंपनीचे एकूण शेअर, आधी किती तारण होते आणि इन्व्होक किती झाले. जुन्या नोटिसाही खाली सरकवून बघा, प्लेज पहिल्यांदा कधी आणि कुठल्या भावाला झालं ते मिळेल.

शाहूपुरीकर:
ताई, काल रात्री बसून काढलं. एकूण शेअर 2 कोटी. प्रमोटरकडे 1 कोटी 8 लाख होते. पहिल्यांदा 40 लाख तारण दिले तेव्हा भाव 180 होता. नंतर भाव 130 झाल्यावर आणखी 16 लाख दिले. आता 26 लाख इन्व्होक झालेत. कर्ज देणारी एक वित्त कंपनी आहे, बँक नाही. पहिल्या प्लेजच्या वेळी 36 कोटी कर्ज असंही एका फॉर्मवर लिहिलंय.

ताराबाईपार्क_सीएस:
छान, सगळी गोष्ट यातच आहे. शेअर तारण ठेवून कर्ज देताना वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने 2014 पासून मर्यादा घातली आहे: तारणाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त कर्ज नको, आणि भाव पडून तूट आली तर सात कामकाजाच्या दिवसांत ती भरून काढायची.

40 लाख गुणिले 180 म्हणजे 72 कोटी, त्यावर 36 कोटी कर्ज. काठोकाठ निम्मं. भाव 130 झाला तसे तेच शेअर 52 कोटींचे झाले. 36 कोटींना 72 कोटींचं तारण हवं, म्हणून साधारण साडेपंधरा लाख शेअर कमी पडले. 16 लाख का दिले ते कळलं? ते नवं कर्ज नव्हतं, जुन्याच कर्जाची तूट होती. पुढे भाव 92 झाला, 56 लाखांची किंमत साडेएक्कावन्न कोटींवर आली. आता आणखी 22 लाख शेअर किंवा रोख हवी होती. ती आली नाही आणि 26 लाख उचलले.

आणि एक. 40 लाख म्हणजे कंपनीच्या एकूण भांडवलाचे बरोबर 20 टक्के. तारण एकूण भांडवलाच्या 20 टक्के किंवा प्रमोटरच्या हिश्श्याच्या 50 टक्के झालं की, दोहोंपैकी काहीही एक, कर्ज कशासाठी घेतलं ते कारण दोन कामकाजाच्या दिवसांत वेगळ्या फॉर्मवर द्यावं लागतं. ऑक्टोबर 2019 पासूनचा नियम आहे. तुम्हाला 36 कोटींचा आकडा दिसला तो बहुधा याच फॉर्मवर. त्यावरचं कारण वाचा.

शिरोलीकर_फाउंड्री:
आमचं बघा, लिस्टेड वगैरे काही नाही, पण मागं कर्जासाठी घरचं सोनं तारण होतं. हप्ता चुकला तर सोनं लगेच गुजरीत जात नाही. नोटीस येते, मुदत मिळते, तोवर पैसे भरले तर डाग परत मिळतो. शेअरचं तसं नसतं का? रंकाळावाले म्हणतात विकून मोकळे झाले.

ताराबाईपार्क_सीएस:
शिरोलीकर काका, अगदी तसंच आहे, आणि रंकाळावाल्यांचं अर्धं तिथंच चुकतंय. डिपॉझिटरीच्या नियमाप्रमाणे इन्व्होक केलं की शेअर कर्ज देणाऱ्याच्या नावावर चढतात, म्हणून प्रमोटरचा हिस्सा लगेच कमी दिसतो. पण नावावर चढणं म्हणजे विक्री नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये पीटीसी इंडिया फायनान्शियल सर्व्हिसेस विरुद्ध वेंकटेश्वरलू कारी या प्रकरणात हे स्पष्ट केलं. करार कायद्याचं कलम 176 लागूच राहतं: विकण्याआधी वाजवी नोटीस हवी, करारात "नोटीस न देता विकू" असं लिहून घेतलं तरी ती चुकवता येत नाही. कर्ज देणारा ते शेअर स्वतःलाच विकून हिशेब मिटवू शकत नाही. आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत प्रमोटर पैसे भरून परत मागू शकतो.

म्हणून पुरवठा संपला असं धरू नका. उलट तो आत्ता दारात येऊन उभा असेल. ओपन ऑफरचंही नाही, तो उंबरठा 25 टक्क्यांचा आहे, इथे 13 आहेत. आणि सात दिवस लपवले हा आरोपही नको. प्लेज करा, सोडवा किंवा इन्व्होक होऊ द्या, प्रमोटरला सांगायला सात कामकाजाचे दिवस कायद्यानेच दिलेत. भाव आधी पडतो आणि नोटीस मागून येते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

रंकाळा_ट्रेडर:
ओपन ऑफरचं चुकलं, मान्य. पण व्यवहारात विकतातच की ओ. 2019 ला अनिल अंबानींच्या कंपन्यांचे शेअर बदाबदा विकले होते, नोटिशीवरून दोन्हीकडून आरोप पण झाले.

ताराबाईपार्क_सीएस:
विकतात, नाही कोण म्हणतंय. त्याच वर्षी जानेवारीत एस्सेल समूहाच्या कर्जदात्यांनी न विकता थांबायचंही कबूल केलं होतं. दोन्ही होतं, म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा मोजूया. शाहूपुरीकर, तिमाहीच्या शेअरहोल्डिंगमध्ये पब्लिकच्या यादीत 1 टक्क्याहून जास्त असणाऱ्यांची नावं असतात. त्या वित्त कंपनीचं नाव किती टक्क्यांना आहे?

शाहूपुरीकर:
ताई, सापडलं! 23 लाख शेअर, 11.5 टक्के.

ताराबाईपार्क_सीएस:
इन्व्होक 26, यादीत 23. म्हणजे तिमाही संपेपर्यंत 3 लाख बहुधा बाजारात गेले. तुम्ही विचाराल की याची बातमी का आली नाही. 5 टक्क्यांहून जास्त धरणाऱ्याला मागच्या नोटिशीपासून हिस्सा 2 टक्क्यांहून जास्त बदलला की दोन कामकाजाच्या दिवसांत सांगावं लागतं, इथे बदल दीड टक्क्याचा. आणि बल्क डीलच्या यादीत नाव यायला एका दिवसात अर्ध्या टक्क्याहून जास्त, म्हणजे तुमच्या कंपनीत एक लाखावर शेअर लागतात. रोज थोडे थोडे विकले तर दोन्हीकडे काहीच दिसत नाही. रोजची उलाढाल किती असते?

शाहूपुरीकर:
सरासरी चाळीस हजार शेअर.

ताराबाईपार्क_सीएस:
मग 23 लाख म्हणजे 57 दिवसांची पूर्ण उलाढाल. आणि त्यामागे अजून 30 लाख तारण पडून आहेत, ते इन्व्होकही झालेले नाहीत. पुढे त्यांचा हिस्सा 13 वरून अकराच्या खाली गेला की नोटीस यायला हवी, ती बघत रहा.

शिरोलीकर_फाउंड्री:
पण ताई, मालकाकडे 52 लाख मोकळे होते की. 22 लाखांची तूट भरायला ते का दिले नाहीत? आमच्यात कुणी दुसरा डाग घरात असताना पहिला जाऊ देत नाही.

ताराबाईपार्क_सीएस:
काका, मला पण तिथंच खटकलंय. एक शक्यता अशी की ते मोकळे दिसत असले तरी दुसऱ्या कुणाला "विकणार नाही, तारण देणार नाही" असं लिहून दिलेलं असेल. पण 2019 पासून असं लिहून देणंही तारणासारखंच जाहीर करावं लागतं, आणि दरवर्षी मार्चनंतर प्रमोटरला सांगावं लागतं की जाहीर केलंय त्यापलीकडे काही नाही. ते कागद एक्स्चेंजवर मिळतील. दुसरी शक्यता, त्याने ठरवूनच 26 लाख सोडले. कर्जाच्या फॉर्मवर कारण काय लिहिलंय?

शाहूपुरीकर:
"समूहातील अन्य कंपनीच्या व्यवसायासाठी." ती कंपनी पुण्यात बांधकाम करते म्हणे.

रंकाळा_ट्रेडर:
म्हणजे फाउंड्री चांगली चालली तरी तिकडचे फ्लॅट विकले गेले तरच इकडचं सुटणार. अवघड आहे राव.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
एक शंका. समजा प्रमोटरने पैसे भरून 13 टक्के परत घेतले, तर ती नवी खरेदी धरतात का? वर्षाला 5 टक्क्यांहून जास्त वाढवलं तर ओपन ऑफर द्यावी लागते ना?

ताराबाईपार्क_सीएस:
प्रश्न बरोबर विचारलात. निकालाचा सूर बघता ते त्याचंच तारण परत आल्यासारखं आहे, खरेदी नव्हे. पण हिस्सा कागदावर 41 वरून 54 होताना दिसणार, म्हणून मी असले तर आधी लेखी सल्ला घेतल्याशिवाय हलणार नाही. इथे कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर लिहा.

शाहूपुरीकर:
वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याचा डाग गुजरीत आहे, मग माझा का धरून ठेवू?" सोमवारी निम्मे विकायचं म्हणतायत, उरलेले त्या अकराच्या नोटिशीपर्यंत ठेवू. भावजींना अजून सांगितलं नाही, त्यांनी कालच 300 घेतलेत.