अनुभव धागा: परवानगीशिवाय टाकलेला फोटो डिलीट करायला सांगताना तुम्ही काय लिहिलंत?

पंचवटीकर

मागच्या महिन्यात आमचे वडील गेले. दहाव्याला गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, विधी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या भिशीतल्या एका काकूंचा फोन आला, "अगं, तुमचा फोटो आलाय, फार सुंदर आलाय." एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘गोदाकाठची सकाळ’ म्हणून सात फोटो टाकले होते. चौथ्यात माझा भाऊ: नुकतंच क्षौर झालेलं, उघडा, हात जोडून कावळ्याची वाट बघतोय. मागे पायरीवर आई. तोंडाला पदर. खाली बदाम आणि ‘अप्रतिम टायमिंग’.

पहिल्यांदा जे लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही. सुदैवाने पाठवण्याआधी भावाने फोन हातातून घेतला. मग दोघांनी बसून हे लिहिलं:

"नमस्कार. काल रात्री आपल्या ग्रुपवर आलेल्या ‘गोदाकाठची सकाळ’ या पोस्टमधल्या चौथ्या फोटोत माझा भाऊ आणि आई आहेत. हा आमच्या वडिलांच्या दहाव्याचा प्रसंग आहे. फोटो घेताना किंवा इथे टाकताना आम्हाला कोणी विचारलेलं नाही, आणि तो इथे राहावा अशी आमची इच्छा नाही. हा फोटो आज रात्री ९ पर्यंत डिलीट करावा, आणि इतर कुठे टाकला असल्यास तिथूनही. चेहरे धूसर करून किंवा फोटो कापून ठेवणं आम्हाला चालणार नाही. बाकीच्या सहा फोटोंबद्दल आमची काही हरकत नाही. डिलीट केल्यावर इथे एक ओळ लिहावी. आभार."

फोटो घेणाऱ्याचं उत्तर आलं: घाट सार्वजनिक आहे, कायद्याने फोटो घेता येतो, मी वेदना टिपली आहे. मी परत लिहिलं, "घेता येतो की नाही यावर माझा वाद नाही. तो इथे ठेवू नये एवढीच मागणी आहे." यापुढे मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. दुपारी चारच्या सुमारास पोस्ट गेली.

तुम्ही अशा वेळी काय लिहिलंत, काय चाललं, काय नाही, ते सांगा.

लेन्सवाला_नाशिकरोड

आधी वडिलांबद्दल वाईट वाटलं. मी अशाच एका ग्रुपचा अॅडमिन आहे, तो नव्हे. आतून कसं दिसतं ते सांगतो.

आमच्याकडे ‘ताबडतोब फोटो हटवा, लाज वाटते का’ असे मेसेज येतात, पण कोणता फोटो, कोणत्या पोस्टमधला, लिहिणाऱ्याचं त्या फोटोशी नातं काय, यातलं काहीच नसतं. मग शोधाशोध, मग विचारणा, आणि तोवर समोरचा आणखी चिडलेला. तुमच्या कमेंटमध्ये पोस्टचं नाव, चौथा फोटो, नातं, वेळ, सगळं होतं. अॅडमिनला विचारायला काही उरलंच नाही.

‘कापून चालणार नाही’ हे आधीच लिहिलंत ते फार बरं झालं. नाहीतर पहिली तडजोड हमखास तीच येते आणि त्यात दोन दिवस जातात.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. सात फोटोंच्या पोस्टमधला एकच फोटो काढणं पोस्ट टाकणाऱ्याच्या हातात असतं. आम्ही दुसऱ्याच्या पोस्टमध्ये हात घालू शकत नाही, अख्खी पोस्ट उडवू शकतो. म्हणून आम्ही आधी त्याला विनवतो, त्यात वेळ जातो. तुमच्याकडे पूर्ण पोस्ट गेली म्हणताय, म्हणजे त्याने ऐकलं नसावं आणि अॅडमिनने उडवली असावी.

माझं एक वेगळं मत आहे: हे उघड कमेंटमध्ये लिहूच नये. आधी अॅडमिनला खासगीत. ग्रुपमध्ये नवी कमेंट आली की जुनी पोस्ट पुन्हा वर येते. तुम्ही लपवायला सांगताय तीच गोष्ट आणखी शंभर जणांना दिसते.

पंचवटीकर

हे आमच्या बाबतीत अगदी तसंच झालं. माझ्या बाजूने पंचवीस-तीस जण धावून आले, त्या माणसाला शिव्या दिल्या, आणि पोस्ट दुपारभर सगळ्यात वर. शेवटी मलाच लिहावं लागलं की कृपा करून थांबा. पण खासगीत मी सकाळी सात वाजता दोन अॅडमिनना लिहिलं होतं, ते अकरापर्यंत कुणी वाचलंच नाही. मग किती वेळ थांबायचं?

लेन्सवाला_नाशिकरोड

खरंय. याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्यातले निम्मे अॅडमिन नुसते नावाला आहेत.

सातपूरचा_बंड्या

एवढं गोड बोलायची गरजच काय? आयटी कायदा कलम ६६ ई. परवानगीशिवाय फोटो टाकला की ३ वर्षं कैद, २ लाख दंड. एवढं लिहा, पाच मिनिटांत फोटो गायब.

जिल्हा_कोर्टासमोर

बंड्याभाऊ, शिक्षेचे आकडे बरोबर, कलम चुकीच्या जागी. ६६ ई हे माणसाच्या गुप्तांगाचा फोटो त्याच्या संमतीविना घेणं किंवा पसरवणं यासाठी आहे. घाटावर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला ते लागत नाही. कमेंटमध्ये चुकीचं कलम टाकलं आणि समोर जाणकार असला, की तो फोटोवर बोलायचं सोडून तुमच्या कलमावर बोलत बसतो. मूळ मागणी बाजूला पडते.

लोकांची दुसरी गैरसमजूत ‘माझा फोटो म्हणजे माझ्या मालकीचा’. कॉपीराइट साधारणपणे फोटो घेणाऱ्याचा असतो. तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो तुमचा. म्हणून ‘हा आमचा फोटो आहे’ असं लिहू नये. ताईंनी ‘या फोटोत माझा भाऊ आणि आई आहेत’ असं लिहिलं, ते वाक्य कुणाला खोडताच येत नाही.

खासगीपणाचा हक्क २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत मानला हे खरं, पण उघड्या घाटावर तो कुठवर पोचतो यावर कोर्टात दोन्ही बाजूंनी बोलता येईल. अशा प्रकरणात विनंतीच लवकर काम करते, असं मी वकील असून सांगतो.

सातपूरचा_बंड्या

बरं, कलम मागे घेतो. पण भीती घातल्याशिवाय लोक ऐकत नाहीत हे माझं म्हणणं कायम.

त्र्यंबक_रोड

माझा पण हाच अनुभव! मी अंजनेरीला पावसाळ्यात काढलेला धबधब्याचा फोटो एका पर्यटनवाल्याने परवानगीशिवाय स्वतःच्या जाहिरातीत वापरला, माझं नावसुद्धा पुसलं. मी पण अशीच नम्र कमेंट केली, त्याने मलाच ब्लॉक केलं.

जिल्हा_कोर्टासमोर

तुमचं उलटं आहे हो. इथे फोटोत असलेली माणसं तक्रार करतायत, तुमच्याकडे फोटो घेणाराच तक्रार करतोय. तुमची बाजू कितीतरी भक्कम. त्या साइटकडे सरळ कॉपीराइटची तक्रार करा, कमेंटच्या नादाला लागूच नका. मूळ फाइल जपून ठेवली आहे ना?

त्र्यंबक_रोड

फोन बदलला तेव्हा गेली.

इंदिरानगरची_आई

आमचं व्हॉट्सअॅपवरचं. मुलीच्या नृत्यवर्गाच्या ग्रुपवर बाईंनी कपडे बदलण्याच्या खोलीतला मुलींचा हसतानाचा फोटो टाकला. वाईट हेतू काही नव्हता, पण दोन मुली पेटीकोटवर. मी लिहिलं, "बाई, मुली खूप गोड दिसतायत, पण हा फोटो खोलीतला आहे, प्लीज जमलं तर बघा ना." बाईंनी खाली हसरा चेहरा टाकला. माझंच चुकलं. ‘जमलं तर बघा’ ही मागणी होते का?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून स्पष्ट सांगितलं तेव्हा त्यांना एकदम लक्षात आलं, फार ओशाळल्या. पण तोवर Delete for everyone त्यांना दिसेना. पाठवणाऱ्याला त्यासाठी सुमारे अडीच दिवसच मिळतात. शेवटी बाईंनी ग्रुपवर सगळ्यांना आपापल्या फोनमधून तो पुसायला सांगितलं. बऱ्याच जणांच्या गॅलरीत फोटो आपोआप उतरलेला होता, त्यामुळे किती जणांनी पुसला ते देव जाणे.

तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर असं काही दिसलं की त्याच दिवशी, तासाभरात, आणि आधी फोन.

आप्पा_सिडको

मी ७१ वर्षांचा आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर माझा सहलीत तोंड उघडं ठेवून झोपलेला फोटो आला. मी लिहिलं, "माझा फोटो काढावा." लगेच सेक्रेटरींचं उत्तर, "काढला आहे की आप्पा, वर बघा!" दुसरे म्हणाले, "पुढच्या सहलीत आणखी काढू." मी तीनदा ‘काढा’ लिहिलं आणि तिन्ही वेळा लोकांना वाटलं मला हौस आली आहे. नातीने सांगितलं, आजोबा, ‘डिलीट करा’ लिहा. तेव्हा गेला.

पंचवटीकर

आप्पा 😄 आमच्या पहिल्या मसुद्यातही ‘काढावा’च होतं. भावाने बदललं.

तिसरा_धप्पा

मी रंगपंचमीचं सांगते. आमच्या गल्लीजवळच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, मी धप्पा मारला, बाहेर येतानाचा फोटो एका मंडळाच्या पानावर. ओले कपडे, तुम्ही समजू शकता. खालच्या कमेंट फोटोपेक्षा घाण. मी टॅग काढून टाकला आणि मला वाटलं झालं. टॅग काढल्याने फक्त माझं नाव जातं, फोटो तिथेच राहतो, हे मला आठवड्याने मैत्रिणीकडून कळलं.

मग पंचवटीकरांसारखंच मुद्देसूद लिहिलं. मंडळातले सगळे ओळखीचे. उत्तर आलं, "ताई, हा आपल्या परंपरेचा फोटो आहे, तुम्ही तर आपल्याच." आणि खालच्या कमेंट तेवढ्या पुसल्या. फोटो अजून आहे. मंडळात माझे चुलत सासरे आहेत, घरचे म्हणतात आता ताणू नको.

लेन्सवाला_नाशिकरोड

तुम्ही स्क्रीनशॉट घेतलात का, त्या कमेंटसकट? नसेल तर त्या पुसल्यामुळे तुमचाच पुरावा गेला. पोस्टची लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट, हे मागणी करायच्या आधी. आता निदान फोटोचा घ्या, आणि मंडळाला न विचारता साइटकडे रिपोर्ट करा. रिपोर्ट कुणी केला हे त्यांना सांगितलं जात नाही.

तिसरा_धप्पा

सांगितलं नाही तरी आमच्या गल्लीत कळतं. बघते.

गंगापूर_रोड_३२

मी दुसऱ्या बाजूचा. मी घाटावर फोटो काढतो, दहाव्याचेही काढलेत. विचारायला गेलो तर तो क्षणच जातो, आणि रडणाऱ्या माणसाला ‘फोटो टाकू का’ विचारणं मला जास्त क्रूर वाटतं. पण एका मुलाने मला असंच शांतपणे लिहिलं होतं आणि मी दहा मिनिटांत डिलीट केला. शिवी आली असती तर ठेवला असता, खोटं कशाला बोलू.

इंदिरानगरची_आई

विचारणं क्रूर वाटतं तर टाकणं वाटत नाही का?

गंगापूर_रोड_३२

यावर विचार करतोय.

पंचवटीकर

एक राहिलं. ग्रुपवरून फोटो गेल्यावर ज्यांनी तीच पोस्ट शेअर केली होती त्यांच्याकडूनही तो गेला, पण त्या गृहस्थाच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर तो चार दिवसांनी मामेभावाला सापडला. ‘इतर कुठे टाकला असल्यास तिथूनही’ हे कमेंटमध्ये होतं, त्याच वाक्याचा स्क्रीनशॉट त्याला पाठवला. त्याने काढला, आणि लिहिलं की एका स्पर्धेलाही पाठवला आहे, मागे घेतो. घेतला का ते विचारायला काल मेसेज केला आहे. अजून निळ्या खुणा नाहीत.