मदत हवी आहे: दादरपर्यंत उभं, घरात अडीच फुटांची फळी, पुस्तकं कुठल्या रूपात घेऊ?

चौथी_सीट:
नमस्कार मंडळी. मी रोज भांडुपहून स्लो लोकलने सीएसएमटीला जाते, ऑफिस फोर्टात आहे. प्रवास पाऊण-एक तासाचा, पण त्याचे दोन तुकडे पडतात. भांडुपला गाडी भरूनच येते, त्यामुळे दादरपर्यंत उभं राहायचं. एक हात कडीला, पर्स पोटाशी. दादरला उतरणारीला "कुठे उतरणार?" असं आधीच विचारून तिची सीट पक्की केलेली असते, तिथून पुढे बसून. संध्याकाळी गाडी सीएसएमटीहूनच सुटते, तेव्हा बसायला मिळतं, पण डोकं चालत नाही.

घर वन रूम किचन, माणसं चार. पुस्तकांच्या वाट्याला टीव्हीच्या वरची एक फळी, अडीच फुटांची. ती गच्च भरली आहे. आता घरातला नियम असा, की एक पुस्तक आत आलं तर एक बाहेर.

वाचन बहुतेक मराठी: कादंबऱ्या, आत्मचरित्रं, थोडा इतिहास. महिन्याला दोन-तीन पुस्तकं होतात. हार्डकव्हर मनापासून आवडतात, पण आता हट्ट नाही. ई-रीडर घ्यायची तयारी आहे, दहा-बारा हजारांपर्यंत. कुठलं पुस्तक कशात घ्यावं, हे अनुभवी लोकांनी सांगा. सरसकट "किंडल घ्या" नको. मैत्रिणीच्या सहा इंची रीडरवर एक मराठी पीडीएफ उघडून पाहिली, अक्षरं मुंगीएवढी दिसली.

कोकणी_बाणा:
फळी भरली तर दुसरी मारा की! दरवाज्यावर लॉफ्ट काढा, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. आमच्याकडे दोन लॉफ्ट आहेत, तीनशे पुस्तकं आरामात बसली. फक्त पावसाळ्यात भिंतीकडच्या बाजूला बुरशी धरते आणि कसर लागते, तेवढं मधून मधून उन्हात टाकायचं.

चौथी_सीट:
@कोकणी_बाणा, दरवाज्यावर लॉफ्ट आहे आणि त्यावर गणपतीचं मखर, गाद्या आणि सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी आहेत. फळीचा प्रश्न सोडवायला आले नाहीये हो.

पुस्तककिडा:
सोपं आहे. पेपरबॅक घ्या, हार्डकव्हर दुप्पट जागा खातं. पेपरबॅकची पानं सुटतात हे खरं, हार्डकव्हर शिवलेलं असतं म्हणून पिढ्यानपिढ्या टिकतं. तेव्हा जे पुन्हा पुन्हा वाचाल ते हार्डकव्हर, बाकी पेपरबॅक. आणि ई-बुक एकदा विकत घेतलं की आयुष्यभर तुमचं, त्यामुळे जागेची चिंताच मिटली.

फर्मा१६:
छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पुस्तककिडा, दुप्पट नाही हो. तीनशे पानांचं डेमी आकाराचं पुस्तक घ्या. पानं तीनशे म्हणजे कागद दीडशे. साध्या ७० जीएसएम मॅपलिथोवर ही जाडी साधारण १४ मिलिमीटर भरते. हार्डकव्हरचे दोन पुठ्ठे मिळून फार तर ५ मिलिमीटर वाढवतात. म्हणजे ताईंच्या अडीच फुटी फळीवर हार्डकव्हर चाळीसेक बसतील आणि पेपरबॅक पन्नासेक. सगळा संग्रह बदलून दहा-बारा पुस्तकांची जागा सुटणार. त्यातही हल्ली कादंबऱ्या बल्की कागदावर छापतात. तो तेवढ्याच वजनात जाड असतो, त्यामुळे पुस्तक घसघशीत दिसतं आणि किंमत पटते. असं पेपरबॅक पातळ कागदावरच्या हार्डकव्हरएवढी जागा सहज खातं. फळीच्या दृष्टीने पेपरबॅक हा उपाय नव्हेच.

दुसरं, टिकणं पुठ्ठ्यावर नाही, बांधणीवर असतं. सोळा पानांचा एकेक फर्मा दोऱ्याने शिवून पुस्तक केलं असेल तर ते सपाट उघडतं आणि पान सुटत नाही. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांची पाठ कापून सगळी सुटी पानं सरसाने चिकटवतात. आता बाहेरून पुठ्ठा आणि आत परफेक्ट, अशी हार्डकव्हरही बाजारात भरपूर आहेत. दुकानात ओळखायचं असं: पुस्तक उभं धरून पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा. पानांचे छोटे छोटे गठ्ठे वळलेले दिसले आणि गठ्ठ्याच्या मधोमध उघडल्यावर दोरा दिसला, तर शिवलेलं. सगळी पानं एका सरळ रेषेत सरसात बुडालेली दिसली, तर चिकटवलेलं. पाठीला लावलेली रंगीत पट्टी बघून फसू नका, ती नुसती शोभेची असते.

गाडीत एका हाताने वाचणारे लोक पुस्तक उलटं दुमडून धरतात. चिकटवलेल्या पुस्तकाचा सरस त्यानेच तडकतो आणि मग मधली दहा-वीस पानं एकदम हातात येतात. वजन म्हणाल तर वरच्या पुस्तकाचा नुसता कागद सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, पुठ्ठ्याने आणखी शंभरेक. बसून वाचायला काहीच नाही. उभ्याने एका हातात दादरपर्यंत धरून बघा, मनगट सांगेल.

रातराणी:
मला मायग्रेनचा त्रास आहे, हलत्या गाडीत वाचलं की मळमळतं. त्यामुळे मी गेली काही वर्षं फक्त ऐकते. स्टोरीटेलवर मराठी पुष्कळ आहे. तुमच्या उभ्या तुकड्याला ऑडिओच लागू पडेल, दोन्ही हात मोकळे राहतात. पुस्तक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, गाडीत रेंजच्या नादी लागू नका.

खरी अडचण आवाजाची असते. खिडक्या-दारं उघडी, त्यात बायकांच्या गप्पा, मग आपण आवाज वाढवत जातो आणि संध्याकाळी कान दुखतात. कानात घट्ट बसणारे रबरी टोपीचे इअरफोन घ्या, आवाज आपोआप कमी ठेवता येतो. वायरवाले घ्या असं मी म्हणेन. बिनवायरीचा एक घाटकोपरच्या रेट्यात रुळांवर गेला तर दुसऱ्याचं काय लोणचं घालणार? आणि उतरल्यावर फलाटावर, जिन्यावर कानातून काढून टाका.

चौथी_सीट:
@रातराणी, ऐकताना लक्ष उडत नाही का? मी एकदा इतिहासाचं पुस्तक लावलं होतं. कुर्ला येईपर्यंत तीन लढाया झाल्या होत्या आणि कोण कोणाकडून लढतंय तेच कळेना.

रातराणी:
इतिहास नको. नावं आणि सनावळ्या जिथे मागे जाऊन बघाव्या लागतात, तिथे ऑडिओ हरतो. ऑडिओत मागचं पान चाळता येत नाही, नुसतं पंधरा-तीस सेकंद मागे जाता येतं. आत्मचरित्र आणि एका माणसाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी उत्तम. आधी नमुना ऐका, वाचणाऱ्याचा आवाज नाही पटला तर चांगलं पुस्तकही फुकट जातं. मी सव्वापट वेगाने ऐकते, पण विनोदी पुस्तक नेहमीच्याच वेगाने. विनोदातला थांबा गेला की सगळं गेलं.

तळटीप:
पुस्तककिडा यांच्या "आयुष्यभर तुमचं" बद्दल. किंडलवर आपण वाचायचा परवाना घेतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तकं हक्कांच्या वादामुळे लोकांच्या यंत्रांवरून परत काढून घेतली होती, नंतर माफीही मागितली. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने रीडरवर टाकायची सोयही त्यांनी बंद केली. शेजारणीला वाचायला देणं, जुनं विकणं, यातलं काही होत नाही. तरी जागेपुरतं बघायचं तर ई-बुकला तोड नाही, हे मान्य.

पुस्तककिडा:
परवान्याचं मान्य. पण रोजच्या वाचनात काय फरक पडतो? माझी अजून सगळी जागेवर आहेत.

फर्मा१६:
ताईंच्या मुंगीएवढ्या अक्षरांचं उत्तर राहिलं. दोष रीडरचा नाही, फाइलचा आहे. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचा फोटोच समजा. डेमी पानाची उंची साडेएकवीस सेंटिमीटर, सहा इंची पडद्याची बाराच्या थोडी वर. पूर्ण पान बसवताना ते जवळजवळ निम्मं होतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटवर येतं. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या त्या मापात एकमेकींत घुसतात.

पीडीएफच वाचायची असेल तर समास कापून पडदा आडवा करा. मजकुराची रुंदी साधारण साडेदहा सेंटिमीटर असते, आडव्या पडद्याची बारा. अक्षर छापील पुस्तकाएवढं किंवा थोडं मोठं दिसेल, फक्त एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागेल.

पीडीएफ "कन्व्हर्ट" करायच्या भानगडीत पडू नका. युनिकोडच्या आधीच्या फाँटात जुळवलेल्या मजकुराचं रूपांतर केलं की रोमन अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. विकत घेताना आधी नमुना उतरवा आणि दोन गोष्टी करून बघा. अक्षराचा आकार वाढवा: ओळी नव्याने जुळल्या तर पुस्तक नीट बनवलंय, नुसतं पान मोठं होऊन कडेने कापलं गेलं तर ते पीडीएफच्याच जातीचं. मग एका शब्दावर बोट दाबून धरा, तो एकटा शब्द निवडला गेला पाहिजे. अ‍ॅमेझॉनने मराठी पुस्तकं किंडलवर २०१६ च्या डिसेंबरात आणली, तेव्हापासून निवड बरीच वाढली आहे. तरी जुनी पुस्तकं तिथे मिळतीलच असं नाही.

तळटीप:
आणि ई-बुक स्वस्तच असेल असं धरू नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवरचा २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्के झाला, पण शून्य नाही झाला.

कोकणी_बाणा:
एवढं सगळं करण्यापेक्षा दादरला उतरून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हा. १८९८ ची संस्था आहे. पुस्तक घ्या, वाचा, परत करा. फळी जशीच्या तशी!

चौथी_सीट:
@कोकणी_बाणा, लॉफ्टचं माफ केलं तुम्हाला. संध्याकाळी घरी जाताना मधे उतरले तर पुढच्या गाडीत उभंच राहावं लागेल, पण महिन्यातून दोनदा जमेल. संदर्भाची आणि जुनी पुस्तकं तिथूनच आणीन.

सध्या असं ठरवते: दादरपर्यंत आत्मचरित्र कानात. बसल्यावर आणि संध्याकाळी रीडरवर कादंबरी, नमुना तपासूनच. इतिहास कागदावर, घरी, रविवारी. फळीवर फक्त शिवलेलं ठेवणार. काल वरच्या टोकाकडून सगळी पाठ बघितली, ऐटीत बसलेल्या हार्डकव्हरांतली निम्मी चिकटवलेली निघाली. @फर्मा१६, ती काढून टाकू की शिवून मिळतात?

फर्मा१६:
पाठीकडचा समास किती आहे ते बघा. चिकटवलेल्या पुस्तकाला फर्मेच उरत नाहीत, त्यामुळे बाइंडर कडेने भोकं पाडून दोरा घालतो आणि त्यात समासाचा सेंटिमीटरभर भाग जातो. समास दोन सेंटिमीटरचा असेल तर करून घ्या. त्याहून कमी असेल तर ओळींची टोकं शिलाईत जातील.

पुस्तककिडा:
मी आत्ता माझं कपाट उघडून बसलोय. अजून कोणी पट्टी घेऊन बसलंय का?