मदत हवी आहे: इटालियनमध्ये 'इन कुचीना' कधी आणि 'नेल्ला कुचीना' कधी?

नमस्कार मंडळी. इटालियन शिकतोय, आणि गाडी शब्दयोगी अव्ययांवर अडलीये. जोडणी पाठ आहे: इन + इल = नेल, सु + इल = सुल, आ + ला = आल्ला. आर्टिकल असेल तर हे जोडरूप सक्तीचं, 'सु इल तावोलो' चालतच नाही, 'सुल तावोलो'च म्हणायचं, एवढं कळलंय.

घोळ आहे तो आर्टिकल मुळात लावायचं की नाही, याचा. गृहपाठात मी 'सोनो नेल्ला कुचीना' (मी स्वयंपाकघरात आहे) लिहिलं. बाईंनी खोडून 'इन कुचीना' केलं. पुढच्याच वाक्यात मी शहाणपणाने 'इन कुचीना दी मार्ता' लिहिलं, तर तिथे 'नेल्ला' हवं होतं! म्हणजे नुसतं स्वयंपाकघर असेल तर 'इन', आणि कोणाचं, कसलं हे सांगितलं की 'नेल्ला', असा नियम मी मनाशी बांधला. 'इन उफ्फीचो' (ऑफिसात), पण 'नेल्लुफ्फीचो देल दिरेत्तोरे' (संचालकांच्या ऑफिसात), इथेही तो बसला.

पण 'मार्ताच्या घरी' म्हणायला 'आ कासा दी मार्ता'. कोणाचं घर ते सांगितलंय, तरी आर्टिकल गायब! आपल्या 'घरी' आणि 'घरात' सारखं काही आहे का हे? शिवाय बँकेत जायचं तर 'इन बांका', पोस्टात मात्र 'आल्ला पोस्ता'. हे सरळ पाठच करायचं का?

इटलीत राहणाऱ्या कोणी सांगेल का, बोलताना तुम्ही हे कसं ठरवता?