मदत हवी आहे: नांदेड आणि दिल्ली जवळपास एकाच रेखांशावर, मग सूर्योदयात वीस मिनिटांचा फरक कसा?

गोदाकाठ: २१ जूनच्या वेळा मोबाइलवर काढल्या. मुंबई ६:०२ ते ७:१९, नांदेड ५:४४ ते ७:०१, दिल्ली ५:२४ ते ७:२२. मुंबईचं समजतं, ती आपल्या पश्चिमेला. पण दिल्ली तर नांदेडच्या सरळ उत्तरेला आहे. तिथं उजाडतं आधी आणि मावळतंही उशिरा, हे कसं काय?

उदगीरकर: सोपं आहे राव. घड्याळ देशभर एकच, ८२.५ रेखांशाचं. एक अंश पश्चिमेला सरकलं की सूर्य ४ मिनिटं उशिरा. बाकी काही नाही.

गोदाकाठ: मग दिल्लीला फरक पडायलाच नको होता ना!

डोंगरवाट: आमचं गाव बालाघाटात. मोबाइल काहीही सांगो, दिवस डोंगराआड तासभर आधीच जातो. या वेळा खोट्याच असतात.

परभणीचे मास्तर: डोंगरवाट, त्या वेळा क्षितिज मोकळं धरून काढतात, डोंगर त्यांच्या हिशोबात नाही.

उदगीरकरांचं म्हणणं मुंबईपुरतं बरोबर. तिथं सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही सारखेच, साधारण १८ मिनिटं, पुढं गेलेत. म्हणजे दिवस तेवढाच, नुसता सरकलेला. दिल्लीत मात्र सकाळ अलीकडं आली आणि संध्याकाळ पलीकडं गेली, म्हणजे दिवसच लांबला. हे अक्षांशाचं काम. पृथ्वीचा आस कललेला असल्यानं जूनमध्ये उजेड-अंधाराची सीमा नकाशावर तिरपी पडते आणि पहाटे ती दिल्लीला आधी गाठते. डिसेंबरात तिचा कल उलटा. २१ डिसेंबरला नांदेडला साधारण ६:५० ला उगवतो, दिल्लीला ७:१० ला. २१ मार्चच्या आसपास सीमा उभी असते, तेव्हा दोन्हीकडं वेळ जवळपास एकच.

पडताळा घ्यायचा तर उगवती-मावळतीचा मध्य काढा. नांदेड आणि दिल्लीचा १२:२२-१२:२३ येतो, मुंबईचा १२:४० च्या पुढं. मध्य हलला तर रेखांश, दिवसाची लांबी बदलली तर अक्षांश. लांबच्या दोन गावांत बहुधा दोन्ही मिसळलेलं असतं. तुम्हाला नेमकी सुटी सुटी जोडी सापडली.

उदगीरकर: हे तिरप्या सीमेचं ध्यानातच नव्हतं.

सौ. लातूर: मग संकष्टीला कॅलेंडरातला मुंबईचा चंद्रोदय धरायचा की आपल्या गावचा?

परभणीचे मास्तर: ताई, चंद्राचं गणित वेगळं, पण तोही जागेप्रमाणं बदलतो. गावचाच बघा.

गोदाकाठ: मास्तर, एक राहिलंच. घरातल्या पंचांगात नांदेडचाच सूर्योदय दिलाय, तरी तो मोबाइलपेक्षा ३-४ मिनिटं उशिरा येतो.

परभणीचे मास्तर: मोबाइल सूर्याची वरची कड दिसली की उगवला म्हणतो, आणि हवेत किरण वाकतात तेही धरतो. काही पंचांगं बिंबाचा मध्य घेतात आणि ते वाकणं सोडून देतात. फरक साधारण तेवढाच येतो. तुमच्या पंचांगाच्या प्रस्तावनेत पद्धत दिली असेल.

गोदाकाठ: बघितली. त्यात यावर एक ओळ नाही. कुणाकडं दुसरं पंचांग असेल तर नांदेडची वेळ टाका.