धुमसत्या अग्नीत टाकलेली आहुती पोचते का?

घोडबंदरकर : श्रावणात आमच्या घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. समिधा बाजारातून आणलेल्या, पावसाने दमट. नवग्रहांच्या आहुत्या सुरू झाल्या तेव्हा कुंडात ज्वाळ नव्हतीच, नुसता धूर. गुरुजी थांबले नाहीत. माझं मत असं की अग्नी हवि देवांकडे नेतो असं मानत असाल, तर निखाऱ्यावर पडून करपलेलं कुठेच गेलं नाही. सासरे म्हणतात, भाव असला की पोचतं, जनकाला याज्ञवल्क्यांनी तेच सांगितलं. तुमचं काय म्हणणं?

नौपाड्याचे काका : तुमची शंका रास्त आहे. मी याज्ञिकी करत आलो आहे आणि या बाबतीत मला तडजोड पटत नाही. मुंडकोपनिषदात स्पष्ट आहे, "यदा लेलायते ह्यर्चिः समिद्धे हव्यवाहने", म्हणजे अग्नी नीट पेटून ज्वाळ लवलवू लागली की मगच आहुती द्यायची. तिथेच त्या ज्वाळांना सात जिभा म्हटलं आहे, काली, कराली, मनोजवा वगैरे. जीभच बाहेर आली नसेल तर घास ठेवायचा कुठे?

चूक बहुतेक वेळा सुरुवातीलाच होते. कुंडात तळाला सुक्या गोवरीचे तुकडे, वर बोटाएवढ्या जाडीच्या सुक्या काटक्या उभ्या-आडव्या, मधे हवेला वाट, आणि कापूर. हे पेटून तळाशी लालभडक निखारा धरेपर्यंत मंत्र सुरू करायचे नाहीत. घाई झाली की अर्ध्या पेटलेल्या अग्नीवर भाताच्या चरूचे गोळे पडतात, भातातलं पाणी अग्नी विझवतं आणि त्यावर तूप ओतलं की ते न पेटता नुसतं तापून धुरावतं. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येऊ लागला की थांबायचं, दोन सुक्या काटक्या घालायच्या, फुंकणीने वारा द्यायचा. तोंडाने थेट फुंकायचं नाही, मनुस्मृतीत तशी मनाई आहे. चरूची आहुती लहान ठेवायची. ग्रहांच्या समिधांत रुई, पळस, खैर, आघाडा सगळंच येतं, त्यातलं ओलं काय ते आदल्या दिवशी हाताने मोडून बघायचं. कडकन मोडलं नाही तर ते कुंडात जायच्या लायकीचं नाही.

आणि सासऱ्यांना नम्रपणे सांगा, जनकाने विचारलं होतं की दूध नसेल तर काय, धान्य नसेल तर काय, पाणीही नसेल तर काय. तेव्हा शेवटी श्रद्धेत सत्याची आहुती, असं उत्तर आलं. द्रव्यच उरलं नाही तेव्हाची ती गोष्ट आहे. घरात द्रव्य आहे आणि ते फक्त नीट वाळवलं नाही, त्याला ती लागू पडत नाही.

ऐरोलीकर : काका, मला वेगळं वाटतं. वर जातो तो धूरच. शतपथ ब्राह्मणात अग्नीपासून धूर, धुरापासून ढग, ढगापासून पाऊस असा क्रम आहे. म्हणजे हवि धुरातूनच जातं. शिवाय गाईच्या तुपाची आहुती दिली की हवेत प्राणवायू तयार होतो, हे आता सिद्ध झालंय. त्यामुळे धूर झाला म्हणून एवढं दुःख करू नये.

टीटीसीतला केमिस्ट : प्राणवायूचं सिद्ध झालेलं नाही आणि होणारही नाही. तूप म्हणजे स्निग्धपदार्थ. तो जळताना हवेतला प्राणवायू वापरतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ देतो. प्राणवायू खर्च होतो, तयार होत नाही. ओलं लाकूड घातलं की उष्णता आधी त्यातलं पाणी उडवण्यात जाते. लाकडातून वायू सुटतात, पण पेट घेण्याइतकं तापमान नसतं. ते न जळलेले वायू आणि डांबराचे थेंब, हाच तुमचा धूर. बंद फ्लॅटमध्ये अशा धुमसण्याने कार्बन मोनॉक्साइडही साठतो, खिडक्या उघड्याच हव्यात.

माझ्या मते अग्नी कुठेही काही नेत नाही. पण ज्वाळ आल्याशिवाय टाकू नका, हा काकांचा नियम अगदी बरोबर आहे. ज्वाळेत तूप बरंचसं पूर्ण जळतं, निखाऱ्यावर करपतं. हा फरक ज्यांनी टिपला त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. देवांचं मात्र मला मान्य नाही.

खारघरची सुनीती : आमच्या टॉवरमध्ये होम सुरू झाला आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजला. वॉचमन पळत वर आला. नंतर सोसायटीने नोटीस लावली, होम फक्त गच्चीवर. सासूबाईंना दमा आहे, त्या गच्चीवर येऊ शकत नाहीत. मग यजमानीण म्हणून त्यांचा हात कसा लागणार? विजेच्या शेगडीवर केलं तर चालतं का?

पाचपाखाडी : सुनीतीताई, शेगडीच्या तारेत आहुती होत नाही, अग्नी हवाच. सासूबाईंनी घरात संकल्प करावा, प्रत्यक्ष होम गुरुजींनी गच्चीवर करावा. आपल्याकडे हे सर्रास चालतं.

मूळ प्रश्नाबद्दल मात्र मला काका आणि ऐरोलीकर दोघांशी वाद आहे. पूर्वमीमांसा म्हणते की अग्नी टपाल नेत नाही. जैमिनींच्या नवव्या अध्यायात ही चर्चा आहे. त्यांचे भाष्यकार शबर यांच्या मते देवतेला शरीर नाही, ती येऊन खात नाही, प्रसन्न होऊन फळही देत नाही. फळ येतं ते कर्मापासून निर्माण झालेल्या अपूर्वातून, म्हणजे न दिसणाऱ्या शक्तीतून. आणि यागाचा गाभा आहे त्याग. गुरुजी "स्वाहा" म्हणतात तेव्हा यजमानाने "इदं न मम" म्हणायचं असतं. घोडबंदरकर, तुम्ही ते म्हणालात का? की तेवढ्यात कोणी फोटोसाठी हाक मारली? आजकाल गुरुजीच दोन्ही म्हणून टाकतात. मला धुरापेक्षा ते जास्त खटकतं.

घोडबंदरकर : पहिल्या काही आहुत्यांना म्हणालो. नंतर डोळ्यांतून पाणी येत होतं, गुरुजीच म्हणत होते.

नौपाड्याचे काका : पाचपाखाडी, त्यागाबद्दल शंभर टक्के मान्य. पण नेणारा अग्नी ही कल्पना नंतर चिकटवलेली नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात आहे की अग्नी ज्या यज्ञाला सगळीकडून वेढतो तोच देवांकडे जातो. वेढतो ती ज्वाळ, ऐरोलीकर. आणि दहाव्या मंडलात अंत्यसंस्काराच्या सूक्तात प्रेत खाणाऱ्या अग्नीला दूर पाठवतात आणि दुसऱ्याला म्हणतात, तू जाणता आहेस, तू देवांना हव्य ने. नेणं हे काम इतकं खरं मानलं होतं की ते कोणत्या अग्नीने करायचं हेही वेगळं ठरवलं. जैमिनींना देवता निराकार वाटली म्हणून हे मंत्र पुसले जात नाहीत.

पाचपाखाडी : पुसले जात नाहीत, पण मीमांसक त्यांना अर्थवाद म्हणतात, स्तुती म्हणून वाचतात. इथे आपलं जमणार नाही.

ऐरोलीकर : प्राणवायूचं राहू द्या. पण पावसाचा क्रम वेदातच आहे, त्यात धूर आहे, हे कोणी खोडलेलं नाही.

नौपाड्याचे काका : नाही खोडत. मनुस्मृतीत मात्र नीट टाकलेली आहुती सूर्याकडे जाते, सूर्यापासून पाऊस, पावसापासून अन्न, असा क्रम आहे. त्यात धूर नाही. दोन्ही मतं परंपरेतलीच आहेत.

घोडबंदरकर : मग आता होम पुन्हा करायचा का?

नौपाड्याचे काका : नाही. शेवटी स्विष्टकृत आहुती झाली असेल. त्या मंत्रात यजमान म्हणतो, या कर्मात मी जे जास्त केलं किंवा कमी केलं ते अग्नीने जाणून नीट करावं. कमी पडेल हे गृहीत धरूनच ती आहुती ठेवली आहे. ती झाली का, एवढं गुरुजींना विचारा.

ऐरोलीकर : मी असतो तर गणपतीआधी छोटा गणहोम करून घेतला असता, सुक्या समिधांनी.

टीटीसीतला केमिस्ट : केलात तर खिडक्या उघडा आणि लाकूड आठवडाभर आधी गॅलरीत वाळत घाला, पावसाचं शिंतोडं लागणार नाही अशा जागी.